सात सेकंदांची रिंगटोन, डोक्यात न जाणारी

माझी पहिली रिंगटोन मी तीन रात्री बसून केली होती. भूपाच्या सुरांतली चाल, सव्वीस स्वर, एकूण ११ सेकंद, आणि शेवटी बरोबर समेवर येऊन पडणारी तिहाई. हेडफोनवर ऐकताना मी स्वतःवरच खूश होतो. फोनला लावली आणि पाचव्या दिवशी काढून टाकली. त्या पाच दिवसांत तिहाई जेमतेम दोनदा वाजली असेल, कारण तोवर मी फोन उचललेला असायचा. वैतागून ताईच म्हणाली, "अरे, तू मधेच उचलतोस आणि उरलेली चाल माझ्या डोक्यात वाजत बसते. एकतर पूर्ण वाजू दे, नाहीतर बदल ती."

रिंगटोन करताना नेमकं कशाकडे बघायचं ते मला तिच्या या तक्रारीतून कळलं. गाणं आपण शेवटपर्यंत ऐकतो. रिंगटोन जवळजवळ प्रत्येक वेळी मधेच तुटते, आणि कुठे तुटेल ते करणाऱ्याच्या हातात नसतं. त्यामुळे शंभरदा वाजूनही सुसह्य राहणारी रिंगटोन करायची, तर कुठेही तोडली तरी फारशी न दुखणारी चाल बांधावी लागते. खाली मी माझी दुसरी रिंगटोन पायरीपायरीने करून दाखवतो. ती चार स्वरांची आहे आणि ७.२ सेकंदांची आहे.

पायरी १: आधी आठवडाभर मोजा

सूर लावण्याआधी एक आठवडा एवढंच करा: फोन वाजायला लागल्यापासून उचलेपर्यंत किती वेळ गेला ते मनात मोजून कागदावर रेघ मारा. तीन सेकंदांच्या आत, तीन ते सहा, सहा ते दहा, दहाच्या पुढे, असे चार रकाने पुरेत. माझ्या चाळीस कॉलांत एकतीस वेळा मी सहा सेकंदांच्या आत उचलला होता. दहा सेकंदांच्या पुढे फोन वाजत राहिला तो फक्त चार वेळा, तेही फोन दुसऱ्या खोलीत होता म्हणून.

याचा अर्थ उघड आहे. चालीचे पहिले दोन सेकंद चाळीसच्या चाळीस वेळा ऐकले गेले, आणि अकरावा सेकंद चारदा. म्हणजे महिन्याभरात सुरुवात शेकडा पार करते तेव्हा शेवट अजून नवाच असतो. मेहनत कुठे घालायची ते या रेघाच सांगतात. मी माझ्या तिहाईवर घालवलेली रात्र पूर्ण वाया गेली होती, आणि सुरुवात मात्र पहिल्या पाच मिनिटांत सुचलेली तशीच ठेवली होती.

पायरी २: लहान वाक्य, आणि त्यानंतर खरी शांतता

आता मुख्य भाग. चाल एका लांब ओळीसारखी बांधली, तर ती जवळजवळ कुठेही तुटली तरी अर्धवट वाटते, कारण कान पुढच्या स्वराची वाट पाहत असतो. त्याऐवजी दोन-अडीच सेकंदांची छोटी वाक्यं करा. प्रत्येक वाक्य स्वतःपुरतं विसावलं पाहिजे, आणि दोन वाक्यांच्या मधे काहीच वाजू नये. मग फोन कधीही उचला, चाल बहुतेक वेळा एकतर विसावलेली असते किंवा गप्प.

ही युक्ती नवी नाही. जुन्या लँडलाइन फोनची घंटी आठवा. अमेरिकी पद्धतीत २ सेकंद घंटी आणि ४ सेकंद शांतता असा क्रम असे. ब्रिटिश पद्धतीत ०.४ सेकंद घंटी, ०.२ थांबा, पुन्हा ०.४ घंटी आणि मग २ सेकंद शांतता. दोन्हीकडे आवाजापेक्षा शांतता जास्त. ती घंटी कोणाला गोड वाटत असेल असं नाही, पण मधल्या शांततेत माणूस हातातलं काम आटोपतं घेऊ शकत असे. मोबाइलच्या रिंगटोनने हीच जागा गिळली. अकरा सेकंद न थांबता वाजून लगेच पहिल्यापासून सुरू होणारी चाल म्हणजे श्वास न घेता बोलणारा माणूस.

मी असं माप ठरवलं. लय मिनिटाला १०० मात्रा, म्हणजे एक मात्रा ०.६ सेकंदाची. एक वाक्य सहा मात्रांचं: पहिल्या दोन मात्रांत तीन स्वर, पुढच्या दोन मात्रा एकच स्वर विरत जाणारा, आणि शेवटच्या दोन मात्रा रिकाम्या. वाक्याची लांबी ३.६ सेकंद झाली. विरणारा स्वर प्रत्यक्षात अर्ध्या-पाऊण सेकंदातच ऐकू येईनासा होतो, त्यामुळे खरी शांतता जवळपास निम्मी मिळते.

शांतता एवढी ठेवायची म्हटलं की नवखे लोक घाबरतात, "मग फोन ऐकूच आला नाही तर?" यात तथ्य आहे. गोंगाटाच्या जागी अशी रिंगटोन सलग वाजणाऱ्या रिंगटोनपेक्षा चुकायची शक्यता जास्त. तिथे कंपनावर भिस्त ठेवावी लागते, किंवा तेवढ्यापुरती वेगळी, कर्कश टोन लावावी. दोन्ही कामं एकाच चालीकडून करून घ्यायला गेलात तर एकही धड होत नाही.

पायरी ३: स्वर कमी, आणि ग नको

माझं पहिलं वाक्य असं आहे: मध्य सप्तकातला प एक मात्रा, मग तार सा आणि तार रे अर्धी-अर्धी मात्रा, आणि परत प दोन मात्रा. दुसरं वाक्य तेच, फक्त शेवटी प ऐवजी ध. एवढंच. बस.

प निवडण्यामागे कारण आहे. चाल ठामपणे सा वर येऊन संपली की ती पूर्णविरामासारखी बसते. एकदा ऐकायला ते छान, पण दर साडेतीन सेकंदांनी पूर्णविराम आपटत राहिला की ठोकल्यासारखं होतं. उलट नि किंवा म वर सोडली, तर कान पुढे ओढला जातो आणि फोन उचलल्यावरही ती ओढ मागे राहते. प या दोहोंच्या मधला आहे. तिथे थांबता येतं, पण दार लावून घेतल्यासारखं वाटत नाही. दुसऱ्या वाक्यात ध आला की तेवढाच किंचित बदल होतो, आणि परत प आला की पहिलं वाक्य उत्तरासारखं वाटतं. प्रश्न कुठला आणि उत्तर कुठलं हे कानाला नक्की ठरवता येत नाही, आणि मला तेच हवं होतं.

आता ग का नको ते. शुद्ध ग आला की चाल हसरी होते, कोमल ग आला की उदास. गाण्यात हे हवंच असतं. पण रिंगटोन वाजते तेव्हा पलीकडे कोण आहे आणि काय सांगणार आहे हे तिला माहीत नसतं. नको त्या बातमीच्या आधी उड्या मारणारी चाल वाजली, तर ती चाल कायमची नकोशी होते. प, ध, सा, रे एवढ्यावर राहिलं की भाव ठरत नाही. चाल फक्त "इकडे बघ" म्हणते.

आवडत्या गाण्याचा मुखडा रिंगटोन म्हणून का लावू नये, तेही इथेच सांगून टाकतो. रॉबर्ट झायॉन्त्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती जास्त आवडू लागते. मग रिंगटोनच्या बाबतीत उलटं का होतं? माझ्या मते, कारण रिंगटोन नुसती समोर येत नाही, ती दर वेळी काहीतरी करायला लावते. हातातलं सोडून उठावं लागतं. पलीकडे नकोसं माणूस असेल तर पोटात गोळा येतो, आणि तो गोळा चालीला चिकटतो. आवडत्या गाण्याचं असं झालं, तर गाणंही जातं.

चाल कागदावरून लगेच कानापर्यंत न्यायला RTTTL नावाची एक सोपी लिपी आहे. ती जुन्या नोकिया फोनांसाठी निघाली. आजही तिच्यात लिहिलेली ओळ ब्राउझरमध्येच वाजवून दाखवणारी साधनं सापडतात. माझी अख्खी रिंगटोन त्या लिपीत एका ओळीत मावते:

```
avaj:d=8,o=5,b=100:4g,c6,d6,2g,2p,4g,c6,d6,2a,2p
```

पहिला शब्द म्हणजे नाव. `b=100` ही लय. `d=8` म्हणजे स्वरासमोर आकडा नसेल तर तो अर्ध्या मात्रेचा धरायचा, `o=5` म्हणजे सप्तक लिहिलं नसेल तर पाचवं धरायचं. `4g` एक मात्रेचा, `2g` दोन मात्रांचा. `p` म्हणजे विराम. तो खाऊ नका. इथे सा म्हणजे पांढरी एक, संगणकाच्या भाषेत C, त्यामुळे प झाला G, ध झाला A, तार सा झाला C6 आणि तार रे झाला D6.

या टप्प्यावर आवाज खेळण्यातल्या भोंग्यासारखा येईल. येऊ द्या. या कोरड्या आवाजात जी चाल वीस वेळा ऐकवते, तीच पुढे न्यायची. वाद्याच्या गोडव्याने वाईट चाल दोन दिवस झाकली जाते, तिसऱ्या दिवशी उघडी पडते.

पायरी ४: फोनच्या तोंडात मावतील असे सूर

माझ्या पहिल्या चालीत खाली खर्जात एक भरदार साथ होती. हेडफोनवर सगळी मजा तिचीच होती. फोनवर ती गायबच झाली. फोनचा स्पीकर नखाएवढा. काही शे हर्ट्झच्या खालचा आवाज त्याला नीट हलवताच येत नाही. मग वर उरली ती नुसती टिकटिक, आणि तिलाच मी पाच दिवस चाल समजत होतो.

दुसऱ्या टोकालाही मर्यादा आहे. आपला कान साधारण २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो. मूळ स्वरच तिथे नेऊन ठेवले, तर ते हळू वाजवूनही टोचतात. शिवाय वयाबरोबर आधी वरचेच आवाज ऐकू येईनासे होतात. म्हणून मूळ स्वर ५०० ते १३०० हर्ट्झच्या दरम्यान ठेवा. माझ्या चार स्वरांत सर्वांत खालचा प ७८४ हर्ट्झवर आहे, ध ८८० वर, तार सा १०४७ वर आणि सर्वांत वरचा रे ११७५ वर. जागा आणखी होती, पण मोठ्या उड्या घेण्याचं काही कारण नव्हतं.

पायरी ५: नाद निवडताना मारिंबाकडून शिकावं असं

बरेच जण इथे दोनपैकी एक चूक करतात. एक म्हणजे अगदी शुद्ध, शिट्टीसारखा स्वर घेणं. तो ऐकायला निर्मळ असतो, पण कुठून येतोय ते कळत नाही. दिशा ओळखायला कानाला एकाच आवाजात निरनिराळ्या उंचीचे घटक लागतात. शिट्टीसारखी रिंगटोन वाजली की माणूस आपलाच फोन उशाखाली, बॅगेत, खिशात शोधत फिरतो, आणि तोवर ती तीनदा वाजून झालेली असते. दुसरी चूक म्हणजे भोंग्यासारखा, कडा असलेला नाद. तो चटकन सापडतो खरा, पण शंभरदा ऐकवत नाही.

मारिंबा, म्हणजे लाकडी पट्ट्यांचं ते मोठं वाद्य, या दोन्हीच्या मधे बसतं. त्याची पट्टी खालून अशी तासलेली असते की मूळ स्वराबरोबर त्याच्या चौपट उंचीचा, म्हणजे बरोबर दोन सप्तकं वरचा स्वरही निघतो. तो ठोक्याबरोबर चमकून लगेच विरतो, आणि मूळ स्वर मागे रेंगाळतो. आपल्या प ची चौपट केली तर येतात ३१३६ हर्ट्झ. म्हणजे कान जिथे सगळ्यात तिखट, तिथे अगदी क्षणभर टिचकी, आणि मग खाली मऊ स्वर. फोन सापडायला टिचकी पुरते, आणि ती टिकत नाही म्हणून टोचतही नाही.

म्यूझस्कोर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घ्या, वाद्य म्हणून मारिंबा निवडा, ताल 6/4 ठेवा (एक वाक्य म्हणजे एक माप) आणि लय १००. वरचे स्वर मांडा. एक गोष्ट आवर्जून करा: मिक्सरमध्ये जाऊन घुमारा, म्हणजे रिव्हर्ब, शून्यावर आणा. घुमारा असला की सा ची शेपूट रे च्या अंगावर पडते. १०४७ आणि ११७५ यांत १२८ हर्ट्झचा फरक. इतके जवळचे दोन स्वर एकत्र वाजले की किंचित खरखर जाणवते. फोनच्या छोट्या स्पीकरमधून ती आणखी खुपते. एकदा ऐकताना लक्षातही येत नाही, म्हणूनच सांगतोय. पन्नासाव्या वेळी नक्की काय खुपतंय ते सांगता येत नाही, पण फोन वाजला की कपाळाला आठी पडते.

पायरी ६: पहिला ठोका

शांत खोलीत फोन अचानक खणाणला की आपण दचकतो. दचकायला दोन गोष्टी लागतात: आवाज मोठा असणं आणि तो क्षणार्धात मोठा होणं. दोन्ही आपल्या हातात आहेत.

म्यूझस्कोरमध्ये पहिल्या प ला `p` ही हळू आवाजाची खूण द्या, सा ला त्याहून थोडी मोठी `mp`, रे ला आणखी मोठी `mf`, आणि शेवटच्या प ला परत `p`. वाक्य हळू सुरू होऊन थोडं वर येतं आणि उतरतं. मग File मधल्या Export ने WAV फाईल काढा आणि ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. पहिला ठोका मोठा करून बघा. लाकडावरचा ठोका असल्यामुळे लाट एकदम उभी राहिलेली दिसेल. तिचा पहिला १५ मिलिसेकंदांचा तुकडा निवडून त्यावर Fade In लावा. दुसऱ्या वाक्याच्या पहिल्या स्वरालाही तसंच करा. बाकीच्या स्वरांना हात लावू नका. सगळेच बोथट केले तर टिचकी जाते, आणि फोन पुन्हा सापडेनासा होतो.

१५ हा आकडा काही वेदवाक्य नाही. ५ वर फरक जाणवला नाही, ४० वर मारिंबाचा ऑर्गन झाला, एवढंच.

पायरी ७: कापणं आणि फाईल

म्यूझस्कोरमधून आलेल्या फाईलला शेवटी थोडी जास्तीची शांतता असते. ती बरोबर ७.२ सेकंदांवर कापायची, नाहीतर दुसऱ्या फेरीला लय चुकते. शेवटच्या दोन मात्रा रिकाम्या ठेवल्याचा इथे आणखी एक फायदा होतो. फाईल जिथे संपून परत सुरू होते ती सांध्याची जागा शांततेत पडते, त्यामुळे तिथे टक्क असा आवाज येत नाही. एमपी३ करताना फाईलच्या दोन्ही टोकांना थोडी रिकामी जागा चिकटतेच. सलग वाजणाऱ्या चालीत ती उचकीसारखी ऐकू येते. आपल्या चालीत ती कोणाला कळणारही नाही.

तरी अँड्रॉइडसाठी मी ओग करतो. त्यात सांधा चोख राहतो आणि "ही फिरवत रहा" अशी खूणही घालता येते. ऑडॅसिटीतून `avaj.wav` नावाने काढलेल्या फाईलवर कमांड लाइनमध्ये ffmpeg हे साधन असं चालवायचं:

```
ffmpeg -i avaj.wav -t 7.2 -c:a libvorbis -q:a 5 -metadata ANDROID_LOOP=true avaj.ogg
```

ही फाईल फोनच्या `Ringtones` फोल्डरमध्ये टाकली की यादीत दिसते. आयफोनला `.m4r` लागते. ती आतून एएसी आवाजाची नेहमीची `.m4a` फाईलच, फक्त आडनाव बदललेलं.

एक सावधगिरी. ती `ANDROID_LOOP` ची खूण असलेली फाईल मेसेजच्या आवाजासाठी लावू नका. मी लावली होती. एक मेसेज आला आणि फोन वाजतच राहिला. मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तेव्हा ताई फोन उशीखाली दाबून बसली होती.

पायरी ८: तोडून बघा

आता खरी परीक्षा. फाईल संगणकावर फिरती लावा, डोळे मिटा आणि मनात येईल तेव्हा थांबवा. वीस वेळा करा. दर वेळी थांबल्यावर क्षणभर गप्प बसा आणि बघा, पुढचा स्वर मनात आपोआप वाजतो का? वाजला तर कुठे तोडलं होतं ते लिहून ठेवा.

माझ्या चालीत दुखणारी जागा एकच निघाली: सा सुरू झाल्यापासून रे संपेपर्यंत. म्हणजे वाक्याच्या ०.६ ते १.२ सेकंदांमधला भाग. ३.६ पैकी ०.६, म्हणजे सहा वेळांतून एकदा. पहिल्या प वर तोडलं तर अजून चाल सुरूच झालेली नसते, शेवटच्या प वर किंवा शांततेत तोडलं तर ती संपलेलीच असते. माझ्या जुन्या चालीवर हीच परीक्षा घेतली तेव्हा वीसपैकी सतरा वेळा उरलेली ओळ डोक्यात वाजली होती. ताईची तक्रार मोजूनच सिद्ध झाली म्हणायची.

परीक्षा घेतल्यावर तुमची दुखरी जागा वाक्याच्या निम्म्याहून जास्त निघाली, तर वाद्य, लय, आवाज यांत खुडबूड करत बसू नका. वाक्य लांब झालंय. स्वर काढा.

मग दोन आठवडे फोनला लावा. यात एकच नियम: एका वेळी एकच बदल करायचा, आणि बदलानंतर निदान तीन दिवस हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी सगळंच खटकतं कारण ते नवीन असतं. सकाळी उठल्या उठल्या चाल तोंडात घोळत असेल, तर ती जरा जास्तच चिकट आहे. अशा वेळी मी उडी लहान करतो किंवा एखादा स्वर गाळतो. आणि एखाद्याच माणसाचा फोन आल्यावर चाल नकोशी वाटत असेल, तर त्या माणसाला वेगळी टोन लावा. चालीत काही दोष नाही, ती बदलून फायदा होणार नाही.

माझ्या दोन आठवड्यांत एकच बदल झाला. नवव्या दिवशी लक्षात आलं की मला दर वेळी रे जरासा टोचतोय. `mf` चं `mp` केलं. फाईल परत काढली, परत ७.२ वर कापली. त्यानंतर तीन-चार दिवसांनी ताईला विचारलं, नवी रिंगटोन कशी वाटते. ती म्हणाली, "बदललीस का? कधी?"